दोष कोणाचा: हेडफोनचा, फोनचा की ॲपचा?

समजा, अकोल्याची एक विद्यार्थिनी अमरावतीच्या शिकवणीला फोनवरून घरीच बसते. ब्लूटूथ हेडफोन लावला की सरांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ‘स’ आणि ‘श’ यांतला फरकही कळत नाही. घरचे म्हणतात, हेडफोन बिघडला, नवा घ्या. पण बाजारात जाण्यापूर्वी दोष शोधू या. नियम एकच: एका वेळी एकच वस्तू बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या.

प्रथम हेडफोन बंद करून फोनच्याच स्पीकरवर तास ऐका. आवाज स्वच्छ आहे, म्हणजे इंटरनेटवरून येणारा ध्वनी चांगला आहे. आता तोच फोन, तेच ॲप, पण मैत्रिणीचा ब्लूटूथ हेडफोन लावा. आवाज पुन्हा डब्यातला! म्हणजे आपल्या हेडफोनवरचा संशय बराच कमी झाला. मग आपला हेडफोन लावून फोनमध्ये साठवलेले गाणे ऐका. ते उत्तम वाजते. हेडफोन आणि फोन दोघेही सुटले, उरले ॲप.

येथेच घाई नको. दुसऱ्या एखाद्या ॲपवरून मैत्रिणीशी बोलून पहा. तेथे आवाज स्वच्छ आला असता, तर पहिले ॲप किंवा त्यातील मांडणी दोषी ठरली असती. पण तेथेही डबाच! दोन्ही ॲपमध्ये समान काय? दोन्ही मायक्रोफोन वापरतात.

खरे कारण असे. गाणे ऐकताना ध्वनी फोनकडून हेडफोनकडे एकाच दिशेने जातो. त्याचे सेकंदाला बहुधा ४४,१०० नमुने घेतलेले असतात. हेडफोनचा मायक्रोफोन सुरू झाला, की ब्लूटूथ संभाषणाच्या पद्धतीवर जाते. आता ध्वनी दोन्ही दिशांनी आणि विलंब न होता न्यायचा असतो, म्हणून नमुने कमी करावे लागतात: जुन्या पद्धतीत ८,०००, सुधारलेल्या पद्धतीत १६,०००. नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक कंप्रता पोचवता येत नाही. म्हणजे जुन्या पद्धतीत ४,००० हर्ट्झच्या वरचे सारे कापले जाते, आणि ‘स’चा सीत्कार मुख्यतः त्याच्याही वर असतो!

तेव्हा येथे कोणीच बिघडलेले नाही. तारेचा इयरफोन लावला, तर ही अडचण येत नाही. नुसते ऐकायचे असेल, तर तासाचे ध्वनिमुद्रण ब्लूटूथवरही स्वच्छ ऐकू येईल. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत संभाषणाचा आवाज पुष्कळ सुधारतो. मात्र फोन आणि हेडफोन दोघांनाही ती यायला हवी.

गाणेही खरखरले असते, तर वाट वेगळी होती. तोच हेडफोन दुसऱ्या फोनला जोडायचा. खरखर हेडफोनबरोबर तिकडे गेली तर दोष हेडफोनचा, आणि पहिल्या फोनपाशीच राहिली तर फोनचा. दोष अधूनमधून येणारा असेल, तर मात्र सबुरी हवी. दहा मिनिटांत एकदा तुटणारा आवाज दोन मिनिटे ऐकून निर्दोष ठरवता येत नाही. प्रत्येक चाचणी निदान अर्धा तास तरी चालवावी लागेल.