‘सुधारून द्या’ म्हणजे नेमके काय?

‘जरा सुधारून द्या’ म्हणून सादरीकरण हाती आले, की दोष क्रमात आहे, शब्दांत की डिझाइनमध्ये, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी सर्व स्लाइडची फक्त शीर्षके ओळीने वाचावीत. समजा, दूध संस्थेच्या संचालकांकडून नव्या शीतटाकीला मंजुरी हवी आहे आणि शीर्षके अशी आहेत: ‘संस्थेची ओळख’, ‘टाकीची किंमत’, ‘दूध संकलन’, ‘नासाडी’, ‘आभार’. इथे नासाडी कळण्याआधीच किंमत येते आणि मंजुरीची मागणी कुठेच नाही. म्हणजे दोष क्रमाचा. नासाडी, तिचे कारण, टाकी, किंमत, मागणी अशी रचना केली की तो दूर होतो.

क्रम ठीक असूनही शीर्षकातून मुद्दा कळत नसेल, तर शब्द बदलावेत: ‘नासाडी’ऐवजी ‘उन्हाळ्यात संध्याकाळचे दूध सर्वाधिक नासते’. विधान स्पष्ट असूनही आलेखात नजर भरकटत असेल, तर काम डिझाइनचे: उन्हाळ्याचे स्तंभ गडद, बाकीचे फिकट. डिझाइन शेवटी घ्यावे, कारण आधी सजवलेली स्लाइड क्रम लावताना गाळावी लागू शकते. सभा तासाभरावर आली असेल, तर मात्र क्रम हलवू नये. वक्त्याचा सराव जुन्याच क्रमाचा असतो. तेव्हा शीर्षके सुधारून शेवटी मागणीची स्लाइड जोडावी.