आई-बाबांच्या छायाचित्राखालची दोन वाक्ये

२००१ साली बोहल्यावर चढलेल्या जोडप्यांच्या विवाहाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत असल्यामुळे वर्तमानपत्रांतील शुभेच्छांच्या रकान्यांत, चौकाचौकांतील फलकांवर आणि आप्तेष्टांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची छायाचित्रे सध्या रोज झळकत आहेत. आणि ती एकापाठोपाठ एक पाहत गेले म्हणजे असे ध्यानात येते की चेहरे निरनिराळे, पातळे आणि शेरवान्या निरनिराळ्या, परंतु खालचा मजकूर मात्र सर्वत्र एकच आहे. ‘आदर्श दांपत्यास रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि त्याखाली ‘शुभेच्छुक : समस्त परिवार’. हा मजकूर शेजारच्या दांपत्याच्या छायाचित्राखाली नेऊन ठेवला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, आणि हाच त्याचा मुख्य दोष होय. वास्तविक त्या परिवारात एक व्यक्ती अशी असते की जिने या संसाराची बहुतेक वर्षे अगदी जवळून पाहिलेली असतात. ती व्यक्ती म्हणजे त्यांचे अपत्य. आणि ती ओळ लिहिण्याचा अधिकार तिचाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अधिकाराला एक कारणही आहे. आपल्याकडे लग्नातील प्रत्येक कृत्याचा कोणी ना कोणी मानकरी ठरलेला असतो: मंगलाष्टकांना भटजी, मुलीच्या पाठीशी मामा, कान पिळायला नवरीचा भाऊ, हातात दिवा घेऊन करवली. साठाव्या वर्षीच्या षष्ट्यब्दीपूर्तीला किंवा सहस्रचंद्रदर्शनाला शास्त्र आहे, होम आहे. पण ते सोहळे वयाचे, विवाहाचे नव्हेत. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाला रुप्याचा मान देण्याची चाल मुळात जर्मन मुलखातली, आणि रौप्यमहोत्सव हा शब्द आपल्या कानांना परिचित झाला तो पंचम जॉर्ज बादशहाच्या १९३५ सालच्या समारंभामुळे व पुढे पंचवीस आठवडे चाललेल्या चित्रपटांच्या जाहिरातींमुळे. अर्थात या दिवसाला आपल्या परंपरेने मंत्रही दिला नाही आणि मानकरीही नेमला नाही. ती जागा रिकामीच होती, आणि घरातल्या मुलांनी ती आपण होऊन भरली, हे फार चांगले झाले.

आता ही ओळ लिहावी कशी, याची मीमांसा एका नमुन्यावरून करू. मिरजेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. वडील महसूल खात्यात नोकरीला, आई शाळेत शिक्षिका, मुलगी पुण्यात शिकत असलेली आणि धाकटा भाऊ नववीत. समारंभाच्या दिवशी काढलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेक केक कापतानाची आहेत. परंतु मुलीने निवडले ते कार्यालयात जायला निघतानाचे, घराच्या दारातले. त्यात बाबांचा डावा हात किंचित वर आला आहे, कारण ते घड्याळ पाहत आहेत; आणि आईच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा असून तिची मान कुलपाकडे वळलेली आहे. निम्मे काम या निवडीतच झाले. केकसमोर सर्व दांपत्ये सारखीच दिसतात. दारातून निघताना मात्र प्रत्येक दांपत्य आपापल्या स्वभावाचे दिसते.

मुलीचा पहिला मसुदा असा होता: ‘जगातील सर्वांत प्रेमळ आई-बाबा, असेच सदैव आनंदी राहा.’ भावना खरी, तथापि ओळ छायाचित्राशी बोलत नाही, आणि वर सांगितलेली शेजाऱ्याची कसोटी तिला लागू केली की ती तात्काळ नापास होते. दुसरा मसुदा धाकट्याचा: ‘तेव्हा केस होते, आता चांद आहे.’ शाळेच्या वर्गात याला हशा पिकला असता. परंतु ही ओळ आत्या, काका, बाबांचे कचेरीतील सहकारी आणि आईचे विद्यार्थी अशा सर्वांसमोर जाणार आहे, आणि देहावरचा विनोद घरात चालतो तितका चारचौघांत चालत नाही. शिवाय त्या ओळीत आई नाहीच, आणि दोघांच्या छायाचित्राखाली एकाचीच थट्टा म्हणजे दुसऱ्यावर अन्याय. तिसऱ्या मसुद्यात दिवाळीच्या खरेदीवरून झालेल्या दोन दिवसांच्या अबोल्याचा उल्लेख होता. तो मुलीने स्वतःच खोडला. कारण अबोला ही त्या दोघांची खासगी मिळकत आहे, आणि मुलांना ती दिसली असली तरी वाटण्याचा हक्क मिळालेला नाही.

या तीन मसुद्यांवरून चौथ्याची दिशा आपोआप ठरते. थट्टा व्यंगाची नको, गुपिताची नको, सवयीची हवी. कारण सवय चारचौघांत दिसतेच आणि तिची कोणाला लाज वाटत नाही. दोघांची एकेक सवय घ्यावी, दोहोंचे वजन सारखे असावे, आणि शक्यतो एकीचा दुसरीला धक्का लागत असावा, म्हणजे त्यातून संसार दिसतो. या घरात ते साहित्य हाताशीच होते. बाबा कोणत्याही प्रवासाला गाडीच्या वेळेआधी तासभर स्टेशनावर हजर, आणि आई रिक्षात बसल्यावरही कुलूप नीट लागले की नाही हे ओढून पाहण्यासाठी एकदा तरी परत दारात. मुलीने लिहिले: ‘पंचवीस वर्षे बाबा तासभर आधी स्टेशनावर, आई पुन्हा एकदा कुलूप ओढून पाहायला दारात. तरी एकही गाडी चुकली नाही.’

ओळ सुरेख होती, पण ती खरी आहे काय, हे विचारायला मुलगी विसरली नाही, आणि येथे तिचे खरे कौशल्य दिसते. मुलांची स्मृती सहाव्या-सातव्या वर्षापासून पक्की होते. त्याआधीचा काळ त्यांना आईबापांच्या जबानीवरूनच कळायचा. चौकशीअंती निष्पन्न झाले की मुलीच्या जन्मापूर्वी मुंबईला जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस एकदा चुकली होती. आईच्या कैफियतीप्रमाणे बाबा तासभर आधी पोहोचूनही भलत्याच फलाटावर उभे राहिले होते. बाबांच्या कैफियतीप्रमाणे कुलूप दोनदा ओढून पाहिले नसते तर फलाट बदलायला सवड मिळाली असती. मुलीने मसुदा दुरुस्त केला, आणि अखेरचा मजकूर असा रुजू झाला: ‘पंचवीस वर्षे बाबा तासभर आधी स्टेशनावर, आई पुन्हा एकदा कुलूप ओढून पाहायला दारात. गाडी एकदाच चुकली. कोणामुळे, तो खटला अद्याप चालू आहे.’ आधीच्या ओळीत नुसते कौतुक होते. पडताळणीने तिला सत्य मिळाले, आणि विनोदही त्या सत्यानेच मिळवून दिला.

या मजकुराची रचना थोडी बारकाईने पाहण्याजोगी आहे. ‘कोणामुळे चुकली हा खटला अद्याप चालू असला तरी गाडी एकदाच चुकली’ असे लिहिले असते तर तपशील तोच राहिला असता, पण हसू मात्र मावळले असते. कारण ज्या शब्दावर ऐकणाऱ्याने हसायचे तो शब्द वाक्याच्या मध्येच खर्ची पडला असता. हे तंत्र आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या उखाण्याने शिकवलेले आहे. पहिल्या चरणात सभोवारची एखादी वस्तू, फूल किंवा ताटातला पदार्थ येतो, दुसऱ्या चरणात यमक जुळते, आणि ज्या नावासाठी सर्वांनी दार अडवून धरलेले असते ते नाव होता होईल तो लांबवलेले असते. नवरीला ठाऊक असते की गर्दीत आणि गलक्यात एवढे दोन चरणच ऐकू जाणार. म्हणून ती लांबण लावीत नाही. छायाचित्राखालची ओळसुद्धा अशीच गर्दीत वाचली जाते, तेव्हा वीस-पंचवीस शब्द तिला पुरेसे आहेत. मुलांनी यमक मात्र जुळवू नये. लग्नाच्या मांडवात यमक शोभते. मुलांच्या लेखणीतून ते उतरले की सवयीची खरी माहिती यमकासाठी वाकवावी लागते, आणि बाबा स्टेशनाऐवजी भलतीकडेच जाऊन पोहोचतात.

विनोदी ओळीच्या जोडीला एक कोरडी नोंदही हवी, आणि ती छायाचित्राच्या मागे असावी: डावीकडून कोण, कोठे, कोणत्या दिवशी. यात दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला असा की पंचविसावे वर्ष लागले की पंचवीस पूर्ण झाली हे न पाहताच मजकूर छापला जातो. लग्न २००१ चे असेल तर २०२५ साली चोवीसच पूर्ण होतात. दुसरा घोटाळा तिथीचा. बाबा तारीख मानतात आणि आजी तिथी मानते. तिथी व तारीख यांची सुमारे एकोणीस वर्षांनी पुन्हा गाठ पडते, पंचविसाव्या वर्षी मात्र पडत नाही; २००१ च्या वैशाखातील लग्नाची तिथी २०२६ मध्ये तारखेच्या साधारण सहा दिवस आधीच येऊन जाते. तेव्हा नोंदीत दोन्ही लिहावीत, म्हणजे कोणाचाच मान जात नाही. नोंद लिहिताना बॉलपेन दाबून वापरू नये, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. आणि हल्लीच्या प्लास्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, म्हणून कागदाच्या पाकिटावर लिहून छायाचित्र त्यात ठेवणे उत्तम. लग्नातले जुने छायाचित्र शेजारी छापायचे असेल तर चिकट पानांच्या अल्बममधून ते ओढून काढू नये, कारण त्याने पापुद्रा सुटतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पान सपाट ठेवून मोबाइलने त्याचा सरळ वरून फोटो घेतला तरी काम भागते.

मजकूर जाहीर करण्यापूर्वी तो आईला आणि बाबांना वेगवेगळा वाचून दाखवावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. एकत्र वाचला तर एक जण दुसऱ्याकडे पाहून हसतो, आणि ते हसू संमतीचे की संकोचाचे हे कळत नाही. दोघेही आपापल्या ठिकाणी हसले आणि प्रत्येकाने ‘पण चूक तिचीच होती’, ‘पण चूक ह्यांचीच होती’ असे बजावले, तर मजकूर मंजूर समजावा. एक जण हसला आणि दुसरा नुसता ‘बरंय’ म्हणाला, तर तो फाडावा व नवा लिहावा.

राहता राहिली सही. ‘समस्त परिवार’ या सहीमागे कोणीच उभे नसते. त्यापेक्षा मुलांनी घरात ज्या नावाने हाक मारली जाते त्याच नावाने सही करावी. आणि वर्तमानपत्रांच्या जाहिरात विभागांनाही एक विनंती करावीशी वाटते. शुभेच्छांचा छापील नमुना गिऱ्हाइकापुढे सरकवण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे, ‘मुलांनी काही लिहून दिले आहे काय?’ या प्रश्नाला पैसा लागत नाही आणि जागाही तेवढीच लागते. मात्र त्या रकान्यातील प्रत्येक दांपत्य त्या दिवशी स्वतःसारखे दिसेल.