दोन घरांत एकच नंबर, म्हणजे वायफायची चोरी नव्हे

बुधवाऱ्यातल्या दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती, ती दोन छापील कागदांवरून. एका भाऊंनी घरच्या कॉम्प्युटरवर `ipconfig /all` ही आज्ञा देऊन जे आलं ते छापून घेतलं. शेजारच्या दुकानात बिलाच्या निमित्ताने बसले असताना तिथलंही छापून घेतलं आणि दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आले. “सर, हे बघा. माझ्याकडे 192.168.1.1, त्यांच्याकडेही 192.168.1.1. ते माझंच नेट वापरतात. आणखी कोणता पुरावा पाहिजे?”

त्यांच्या कागदावरच्या कामाच्या ओळी चार होत्या:

```
IPv4 Address. . . . . : 192.168.1.37
Subnet Mask . . . . . : 255.255.255.0
Default Gateway . . . : 192.168.1.1
DNS Servers . . . . . : 192.168.1.1
```

हा समज मी इतक्यांदा ऐकला आहे की आता शांतपणे समजावणं जड जातं. चुकीच्या माहितीवरून एखाद्याला चोर ठरवलं जातं आणि ते गल्लीभर होतं. म्हणून पहिल्या ओळीवर जरा थांबून बोलतो.

आपला बुधवारा बुऱ्हाणपुरात आहे. भोपाळमध्येही बुधवारा आहे. पुण्यात बुधवार पेठ आहे, सोलापुरातही आहे. नुसतं ‘बुधवार, घर नंबर ३७’ असं लिहून पत्र टाकलं तर पोस्टमन काय करणार? पण आपल्याच गल्लीत उभं राहून ‘३७ नंबरचं घर कोणतं?’ असं विचारलं तर कोणीही बोट दाखवेल. 192.168 ने सुरू होणारा पत्ता असाच गल्लीपुरता असतो. तो लाखो घरांत एकाच वेळी असू शकतो, आणि तसा असावा अशीच योजना आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये निघालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात पत्त्यांचे तीन गट घरगुती आणि कार्यालयीन वापरासाठी मोकळे ठेवले आहेत: 10 ने सुरू होणारे सगळे, 172.16 ते 172.31 ने सुरू होणारे, आणि 192.168 ने सुरू होणारे. ते कोणीही, कोणालाही न विचारता वापरावेत. अट एकच, इंटरनेटच्या मोकळ्या रस्त्यावर हे पत्ते चालत नाहीत.

ही सोय का लागली तेही सांगतो. या जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा असतो, त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. जगातल्या प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि कॅमेऱ्याला स्वतंत्र पत्ता द्यायला ते पुरत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले.

मग 192.168.1.37 वरून आपण बाहेरची साइट उघडतो कशी? तिथे राउटर सरकारी कचेरीतल्या आवक-जावक बारनिशीसारखं काम करतो. तुमच्या कॉम्प्युटरची मागणी बाहेर जाताना तो तिच्यावरचा घरगुती पत्ता काढतो, स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो आणि एका पोर्ट क्रमांकाने नोंद करून ठेवतो. उत्तर त्याच क्रमांकावर परत आलं की नोंद पाहून ते 37 कडे पोचवतो. बाहेरच्या जगाला 192.168.1.37 कधी दिसतच नाही. म्हणून ‘माझा 192.168 चा नंबर कोणाला कळला तर तो मला शोधून काढेल’ ही भीतीही फोल आहे.

घरगुती राउटर बनवणाऱ्या कित्येक कंपन्या कारखान्यातूनच त्याला 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 हा पत्ता देऊन पाठवतात. दोन शेजाऱ्यांकडे तोच निघाला यात नवल काहीच नाही.

भाऊंना एवढ्याने पटलं नाही. मग दोन्ही कॉम्प्युटरवर `arp -a` चालवायला सांगितलं. त्यात 192.168.1.1 च्या समोर त्या राउटरचा Physical Address दिसतो, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. भाऊंकडच्या क्रमांकाचा शेवट 4e ने होत होता, दुकानातल्याचा b1 ने. पत्ता एक, पण डबे दोन. घर नंबर ३७ दोन्ही गावांत आहे, पण घरमालक वेगळे, तसंच हे.

“मग ‘माझा आयपी काय’ दाखवणाऱ्या साइटवरही दोघांचा नंबर एकच येतो, तो कसा?” हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि तो चांगला प्रश्न होता. पत्ते कमी पडल्यामुळे आता इंटरनेट देणाऱ्या कंपन्याही अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राउटरच्या पानावर WAN समोर 100.64 ते 100.127 यांपैकी काही दिसलं तर समजावं की कंपनीच्या पातळीवर आणखी एक बारनिशी आहे. हा गट एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन शेजारी बाहेरून एकाच पत्त्याचे दिसू शकतात, आणि तोही चोरीचा पुरावा होत नाही.

खरा पुरावा राउटरच्या आत मिळतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून लॉगिन केलं की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. अलीकडचे मोबाइल दर नेटवर्कसाठी वेगळा भौतिक पत्ता वापरतात आणि नावही नीट सांगत नाहीत, म्हणून घरातली उपकरणं एकेक करून बंद करावीत आणि यादीतून काय गळतं ते पाहावं. सगळं बंद केल्यावरही काही उरलं तर मग शंका घ्यावी. भाऊंच्या यादीत तपासणारा कॉम्प्युटर सोडून काहीच उरलं नाही.

आता दुसरी ओळ. ‘मास्क’ या शब्दामुळे पुष्कळांना वाटतं की हा काहीतरी लपवतो किंवा संरक्षण देतो. तो काहीच लपवत नाही. आपली गल्ली कुठे संपते एवढंच तो कॉम्प्युटरला सांगतो. 255.255.255.0 चा अर्थ असा: पहिले तीन आकडे जुळले तर समोरचा आपल्याच गल्लीतला, शेवटचा आकडा काहीही असो. शेवटच्या जागी ० ते २५५ असे २५६ आकडे बसतात, त्यांतला पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून २५४ उपकरणं मावतात. गल्लीतल्याकडे कॉम्प्युटर स्वतः जातो. बाकी सगळ्यांसाठी तो गेटवेकडे, म्हणजे तिसऱ्या ओळीतल्या पत्त्याकडे सामान सोपवतो. हा गेटवे इंदूर-भोपाळमधला कंपनीचा सर्व्हर असतो असं मानणारे भेटतात. घरात तो भिंतीवर लुकलुकणारा राउटरच असतो.

या दोन ओळींचं नातं मी एका साडीच्या दुकानात सगळ्यात स्पष्ट पाहिलं. त्यांनी नवीन कनेक्शन घेतलं, नवा राउटर बसला. दुकानातला कॉम्प्युटर राउटरला जोडलेला दिसत होता, प्रिंटरवर बिलं निघत होती, पण एकही साइट उघडत नव्हती. मालक नव्या कंपनीवर चिडले होते. कागद छापला तर पत्ता 192.168.0.15, मास्क 255.255.255.0, गेटवे 192.168.0.1. हे आकडे जुन्या राउटरच्या काळात कोणीतरी हाताने भरून ठेवले होते. नवा राउटर 192.168.1.1 वर बसला होता. म्हणजे कॉम्प्युटर ज्या दारातून बाहेर जाऊ पाहत होता ते दारच आता नव्हतं. प्रिंटरचा हाताने भरलेला पत्ता 192.168.0.50 होता. मास्कच्या हिशेबाने तो गल्लीतलाच, म्हणून त्याला दार लागत नव्हतं आणि बिलं सुखाने निघत होती.

`ping 192.168.0.1` केल्यावर हे आलं:

```
Reply from 192.168.0.15: Destination host unreachable.
```

इथे हमखास फसगत होते. ‘Reply from’ वाचून लोक म्हणतात, उत्तर तर येतंय! पण उत्तर देणारा कोण ते पाहा. 192.168.0.15 म्हणजे तोच कॉम्प्युटर. गेटवे सापडत नाही असं तो आपल्यालाच सांगतो आहे. मी सेटिंग ‘Obtain an IP address automatically’ वर आणली. नव्या राउटरने लगेच 192.168.1.22 दिला आणि नेट सुरू झालं. पण त्याच क्षणी प्रिंटर बंद पडला! वायर तीच, टेबल तेच. आता मास्कच्या हिशेबाने 192.168.0.50 दुसऱ्या गल्लीत गेला होता. त्याच्यासाठीचं सामान कॉम्प्युटर गेटवेकडे देऊ लागला आणि गेटवेला ती गल्ली ठाऊकच नव्हती. प्रिंटरला 192.168.1.250 दिल्यावर दोन्ही चालू झालं. राउटर स्वतः वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा आकडा मुद्दाम घेतला, नाहीतर उद्या तोच एखाद्या मोबाइलला मिळाला असता आणि दोघं एकमेकांना अडवत बसले असते.

चौथी ओळ डीएनएस सर्व्हरची. साइटचं नाव दिलं की तिचा अंकी पत्ता शोधून देणं हे त्याचं काम. तिथेही 192.168.1.1 दिसलं तर ते चूक नाही, राउटर तो प्रश्न पुढे विचारून उत्तर आणून देतो. तिथे 8.8.8.8 टाकलं की नेटचा वेग वाढतो हा समज फार पसरला आहे. ही गूगलची सेवा २००९ पासून आहे आणि चांगली आहे, पण तिचा संबंध फक्त नाव शोधण्याशी येतो. नाव सापडल्यानंतर व्हिडिओ तुमच्या कनेक्शनच्या वेगानेच येणार. `ping 8.8.8.8` ला उत्तर येतं पण नावाने एकही साइट उघडत नाही, असं असेल तेव्हा मात्र डीएनएस बदलून पाहण्यात अर्थ आहे.

या ओळीकडे काळजीने पाहावं याला दुसरंच कारण आहे. डीएनएस-चेंजर नावाच्या घातक प्रोग्रॅमने याच ओळीत गुपचूप आपले पत्ते घातले होते आणि लोकांना भलत्या साइटवर नेलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने कारवाई जाहीर केली तेव्हा शंभरावर देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर बाधित असल्याचं सांगितलं. लोकांचं नेट एकदम तुटू नये म्हणून त्या जागी तात्पुरते सर्व्हर चालवले गेले, ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. तुमच्या कागदावर त्या ओळीत राउटरचा पत्ता नसेल, कंपनीने दिलेला नसेल आणि तुम्ही स्वतः भरलेलाही नसेल, तर तो तिथे कोणी टाकला हे विचारायलाच हवं.

आणि पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, गेटवेची जागा रिकामी असेल, तर ‘कंपनीने नवीन नंबर दिला’ असं समजू नका. मागूनही कोणी पत्ता दिला नाही म्हणून कॉम्प्युटरने तो स्वतःच घेतला आहे. अशा वेळी कंपनीला फोन लावण्याआधी वायर आणि राउटर पाहावा. राउटर बंद करून चालू करावा आणि मग हे द्यावं:

```
ipconfig /renew
```

त्यानंतर कागद पुन्हा छापला आणि गेटवेच्या ओळीत आकडा आला, की पत्ता मिळाला.