ट्रेलर आधी कानाने कापावा

नांदेड-लातूरकडच्या नव्या यूट्यूब चॅनलांचे आणि लघुपटांचे ट्रेलर तीस सेकंदांचेच का असतात, याचं एक साधं कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये आहे. 2017 पासून स्टेटसला तीस सेकंदांची मर्यादा होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या ताणामुळे भारतात ती काही काळ पंधरावर आली, पुढे परत तीस झाली आणि 2024 मध्ये एक मिनिटापर्यंत वाढली. मर्यादा सुटली, सवय राहिली. या तीस सेकंदांत आपल्याकडे काय भरतात? सगळे चांगले शॉट एकामागोमाग, खाली ढोल आणि शेवटी नाव. चित्र वाईट असल्यामुळे असा ट्रेलर फसतो असं मला वाटत नाही. तो चित्रापासून कापायला घेतलेला असतो, म्हणून फसतो. आधी वाक्यं निवडून आवाजाची पट्टी पक्की करावी आणि मग तिच्यावर चित्र बसवावं, असं माझं म्हणणं आहे.

उदाहरणासाठी याच भागातल्या उमरीची गोष्ट घेऊ. हैदराबाद मुक्तिसंग्रामात 30 जानेवारी 1948 रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. या घटनेवर कोणी अठरा मिनिटांचा लघुपट पूर्ण केला आहे, असं समजा. पहिला मोह निवेदनाचा होईल: निजाम, रझाकार, साल, सगळं घनगंभीर आवाजात. त्यातच बारा-पंधरा सेकंद जातील, आणि बँक लुटली गेली हे तर या भागातल्या प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. काय झालं, हा प्रश्न मेलेला आहे. जिवंत आहे तो माणसांचा प्रश्न. मग पटकथेतून दोनच वाक्यं घ्यावीत. घरातून निघणाऱ्या पोराला आई विचारते, ‘‘कुठं जायलास?’’ त्याचं उत्तर कापून टाकायचं. नंतर बँकेतला कारकून म्हणतो, ‘‘चाव्या माझ्याजवळ नाहीत.’’ इथे संगीत पूर्ण थांबवायचं आणि दोन-तीन सेकंद कारकुनाकडे बघणाऱ्या पोराचा चेहरा ठेवायचा. मग चाव्यांचा खळखळाट आणि नाव. नाव आणि तारीख वाचायला चार सेकंद हवेतच. म्हणजे हातात सव्वीस उरतात, आणि दोन वाक्यं, त्यांच्या आजूबाजूची शांतता व मोजकी हालचाल यांना ते पुरतात. ‘जायलास’ या एका क्रियापदाने गोष्ट कुठली आहे हे सांगितलं. गावाची पाटी आणि ड्रोनमधून दिसणारी शेतं दाखवण्याची गरज उरली नाही.

खरी अडचण पुढे येते. पूर्ण झालेल्या चित्रपटाच्या अंतिम फाइलमध्ये संवाद, आवाज आणि पार्श्वसंगीत एकत्र मिसळलेले असतात. आईचं वाक्य उचललं की त्याखालचं बासरीचं अर्धं वळणही सोबत येतं, आणि कारकुनाच्या वाक्याशी जोडताच ते तुटतं. सांधा डोळ्याला दिसत नाही, कानाला मात्र ठेच लागते. म्हणून मूळ प्रोजेक्ट उघडून संवाद, इतर आवाज आणि संगीत अशा तीन वेगळ्या फाइली काढून घ्याव्यात. प्रोजेक्ट हरवलेला असेल, आणि तो बऱ्याचदा हरवलेलाच असतो, तर ज्या वाक्याखाली संगीत नाही तेच घ्यावं, मग ते दुसऱ्या क्रमांकाचं असलं तरी चालेल. त्या खोलीतला नुसता, कोणी न बोलतानाचा आवाज काही सेकंद मिळाला तर तो सांध्याखाली पसरावा. तुकडे एका जागेचे वाटू लागतात. कारकुनाचा आवाज त्याच्या चित्राच्या थोडा आधी सुरू केला, तर कट जाणवतच नाही. शेवटची तपासणी फोनच्या स्पीकरवर करावी. हेडफोनमध्ये छातीत घुमणारा खर्जाचा ठोका तिथे जवळपास नाहीसा होतो आणि त्याच्यावर उभी केलेली सगळी भीतीही जाते.

यावर हमखास आक्षेप येतो: लोक स्टेटस आवाज बंद ठेवूनच बघतात, मग कानाचे लाड कशाला? पण आवाज बंद असताना प्रेक्षकाला धरून ठेवतं ते पडद्यावर लिहिलेलं वाक्यच, आणि ते आधी निवडलेलं नसेल तर लिहिणार काय? उपशीर्षक मोठ्या अक्षरात, फोनच्या बटणांखाली जाणार नाही इतकं वर ठेवावं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशाने चित्रपटाची श्रुतिका होईल. त्यावर उपाय बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवण्याचा. कान एक गोष्ट सांगतो, डोळा दुसरी, आणि वेळ मात्र एकदाच खर्च होतो.

तरीही सगळ्यात ताकदीचा प्रसंग का टाकायचा नाही, असं दिग्दर्शक विचारतोच. त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. 2016 च्या ‘सैराट’चा शेवट आठवावा. तो निःशब्द आहे आणि आधीचा सगळा गाजावाजा ऐकलेल्या प्रेक्षकालाच तो हादरवतो. तीस सेकंदांत तो आधीचा काळ उभा राहत नाही, म्हणून तसा प्रसंग तिथे नुसतं चित्र होऊन बसतो. दिग्दर्शकाने स्वतःचा ट्रेलर स्वतः कापू नये. चित्रपट एकदाच पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणतं वाक्य आठवतं ते विचारावं आणि कापणी तिथून सुरू करावी.