दिवा फोटोत कुठे उमटेल?

खोलीचा कोपरा शून्य मानू. कॅमेरा त्याच्या उजवीकडे 3 मीटरवर, सरळ समोर पाहणारा. दिवा कोपऱ्यापासून उजवीकडे 4 मीटरवर. म्हणजे कॅमेऱ्यापासून 1 मीटर उजवीकडे आणि, समजा, 4 मीटर पुढे. खोलीतली जागा अशी कॅमेऱ्याच्या नजरेत आणणारी बाह्य मापं दोन: फिरवणं R, सरकवणं t. अंतर्गत मापं कॅमेऱ्याची स्वतःची: नाभीय अंतर 800 पिक्सेल, 640 पिक्सेल रुंद चित्राचा मध्य 320.

u = 800 × 1/4 + 320 = 520

पुढच्या अंतराने भागतो, म्हणून दूरच्या वस्तू लहान दिसतात. उभ्या दिशेलाही हेच गणित.

नेहमीची चूक एकच: t म्हणून कॅमेऱ्याची जागा, +3, भरली जाते. खरं सूत्र t = −RC; R काहीच फिरवत नसल्याने इथे −3. चुकलात तर उत्तर 1720 येतं, चित्राच्या पार बाहेर.