पाऊण लिटर जास्तीचं पाणी

रात्री साडेनऊच्या सुमाराला दहावीतल्या भाचीचा फोटो आला. गाईडमधलं एक उदाहरण, खाली तिच्या वहीचं पान आणि एकच ओळ : "मामा, तीनदा केलं, पुस्तकातलं उत्तर येतच नाहीये."

उदाहरण बादलीचं होतं. बादलीच्या दोन्ही वर्तुळाकार टोकांच्या त्रिज्या १४ सेंटिमीटर आणि ७ सेंटिमीटर, उंची ३० सेंटिमीटर, तर तिच्यात किती लिटर पाणी मावेल? भाचीचं उत्तर १०.७८ लिटर. गाईडच्या शेवटच्या पानांवर छापलेलं ११.५५ लिटर. वहीत खाडाखोडीने कागद पातळ झाला होता, आणि चौथ्या वेळी तिने आकडे ओढूनताणून ११.५५ पर्यंत नेलेही होते. मला खरी काळजी त्या चौथ्या वेळेची वाटली. माहीत असलेल्या उत्तरापर्यंत पोचण्यासाठी मधली पायरी वाकवायची सवय एकदा लागली की गणित तिथेच संपतं.

मी तिला आधी नवा फोटो मागितला. नुसत्या उदाहरणाचा नको, अख्ख्या पानाचा. शिवाय सरावसंचाच्या मथळ्याचा आणि उत्तरांच्या पानाचाही. फोटोत नेमकं महत्त्वाचं तेवढंच कापलं जातं. पुस्तकाच्या शिवणीपाशी ओळीचा पहिला शब्द आत वळतो, दशांशचिन्ह अंधूक होतं, घातांक अंगठ्याखाली जातो. 'पायची किंमत ३.१४ घ्या' ही सूचना मथळ्याशेजारी असते आणि फोटोत येत नाही. गेल्या वर्षी याच जातीच्या उदाहरणात दुसऱ्या एका मुलाचं उत्तर १०.७८ आलं होतं आणि छापलेलं होतं २.६९५. मोठ्याला लहानाने भागलं तर बरोबर चार आले. घनफळात चौपट फरक दिसला की पहिला संशय त्रिज्या आणि व्यास यांवर घ्यावा, कारण व्यासालाच त्रिज्या समजलं तर प्रत्येक वर्तुळाचं क्षेत्रफळ चौपट होतं. नवा फोटो आल्यावर कळलं की शिवणीत दबलेला शब्द 'व्यास' होता. पुस्तक बरोबर होतं, आम्ही चुकलो होतो.

भाचीच्या पानावर मात्र स्वच्छ 'त्रिज्या' छापलेलं होतं. उत्तराचा क्रमांक जुळत होता, मागचापुढचा झालेला नव्हता. पाय ३.१४ धरला तरी उत्तर १०.७७ येतं. म्हणजे तो फरक शेवटच्या आकड्यापुरताच, पाऊण लिटरचा नव्हे. फोटोवर ढकलण्यासारखं काही उरलं नाही.

मग उत्तर शक्य तरी आहे का, ते पाहायचं. बादली सगळीकडे तळाइतकीच अरुंद असती तर ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वृत्तचितीत ४.६२ लिटर पाणी मावलं असतं. सगळीकडे तोंडाइतकी रुंद असती तर १८.४८ लिटर. खरं उत्तर या दोहोंच्या मधेच हवं. १०.७८ आणि ११.५५ दोन्ही मधे बसतात, त्यामुळे इथे निवाडा होत नाही. गेल्या वर्षीचं २.६९५ मात्र याच चाळणीत अडकलं असतं, आणि आपण उदाहरण चुकीचं वाचलंय हे सूत्र न वापरताच कळलं असतं.

आता गणित दुसऱ्या वाटेने करायचं. तेच सूत्र पुन्हा लावणं म्हणजे तपासणी नव्हे, कारण पहिल्यांदा जिथे घसरलो तिथेच माणूस दुसऱ्यांदाही घसरतो. भाचीने शंकूछेदाचं सूत्र वापरलं होतं : दोन त्रिज्यांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांची बेरीज ३४३, तिला पाय आणि उंचीने गुणून तिनाने भागायचं, की १०,७८० घनसेंटिमीटर येतात. मी तिला सूत्र विसरायला सांगितलं. बादलीच्या बाजू खाली वाढवत नेल्या तर एक पूर्ण शंकू होतो. त्रिज्या ३० सेंटिमीटरमध्ये १४ वरून ७ वर येते, म्हणजे आणखी ३० सेंटिमीटरवर ती शून्य होणार. मोठ्या शंकूची उंची ६०, त्याचं घनफळ १२,३२०. खाली जोडलेल्या लहान शंकूचं १,५४०. वजाबाकी केली की १०,७८०. दोन वेगळ्या वाटा एकाच दारात आल्या.

बरीच मुलं इथे थांबतात आणि 'गाईड चुकलंय' म्हणून मोकळी होतात. माझ्या मते काम अजून अर्धंच झालेलं असतं. ११.५५ आलं कुठून, हे सापडल्याशिवाय आपलं उत्तर पक्कं मानू नये. छापलेली चूक क्वचितच हवेतून येते. तिलाही एक रीत असते.

आम्ही शोधायला बसलो. दोन त्रिज्यांची सरासरी १०.५ घेऊन वृत्तचिती केली तर १०.३९५ लिटर येतात. ते नाही. मग दोन टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली. तोंडाचं ६१६, तळाचं १५४, सरासरी ३८५. गुणिले ३० बरोबर ११,५५०. भाची ओरडलीच! उत्तर लिहिणाऱ्याने दोन टोकांची सरासरी काढून उंचीने गुणलं होतं.

हे चूक का, तेही बादलीच सांगते. अर्ध्या उंचीवर त्रिज्या १०.५ असते आणि तिथलं क्षेत्रफळ ३४६.५ भरतं, ३८५ नाही. त्रिज्या सरळ रेषेत कमी होते, पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे घटतं, म्हणून टोकांची सरासरी नेहमी जास्तीचं पाणी दाखवते. इथे ती ७७० घनसेंटिमीटर जास्त दाखवते.

या रीतीला मर्यादा आहेत. दोन्ही उत्तरं बरोबर असून रूप वेगळं असू शकतं. एकाने वर्गमूळ छेदात ठेवलेलं असतं, दुसऱ्याने अंशात आणलेलं असतं. अशा वेळी दोहोंची दशांशात किंमत काढावी. आणि व्याख्येचा प्रश्न असेल तर आकडेमोड कामाची नाही, तिथे आवृत्ती पाहावी लागते. २०२४ च्या नीट परीक्षेत अणूंविषयीच्या एका प्रश्नाला एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातल्या मजकुरामुळे दोन पर्याय बरोबर धरले गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांनी तपासून एकच पर्याय बरोबर ठरवला आणि जुलैमध्ये निकाल पुन्हा लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी भाचीने वही बाईंना दाखवली. वर्गातल्या आणखी काही वह्यांत ११.५५ निघालं, पायरी न जुळताच. बाईंनी दोन्ही वाटा फळ्यावर मांडल्या. आम्ही प्रकाशकाला पत्र लिहिलं : आवृत्ती, पान, उदाहरणाचा क्रमांक, छापलेलं उत्तर, आपलं उत्तर आणि चूक कुठल्या पायरीत आहे तेवढं. उत्तर अजून आलेलं नाही.

गाईड एका घरातून दुसऱ्या घरात जातं, धाकट्या भावंडाकडे, शेजारच्या मुलीकडे. म्हणून एक विनंती आहे. अशी चूक सापडली आणि दोन वाटांनी तपासून झाली, तर छापलेल्या उत्तरावर काट मारून थांबू नका. शेजारच्या समासात पेन्सिलीने बरोबर उत्तर लिहा, आणि चुकीचं कसं आलं तेही एका ओळीत लिहून ठेवा.