गोश्तावरचे करडे डाग

बकरी ईदचं गोश्त दोन-तीन महिने फ्रीजरमध्ये राहिलं की काही तुकड्यांवर करडे, चामड्यासारखे सुके डाग दिसतात. सडलं समजून ते टाकून देऊ नका. पिशवीत हवा राहिली की तुकड्याच्या वरच्या थरातला बर्फ न वितळताच वाफ होऊन उडतो आणि तेवढा भाग सुकतो. पिशवीत आतून जमलेला भुरभुरीत बर्फ म्हणजे बहुतेक गोश्तातलंच पाणी. त्याने अपाय होत नाही, फक्त चव जाते. डाग कापून काढा आणि बाकीच्याचं रस्सेदार सालन करा. कबाबात त्याचा कोरडेपणा लपत नाही.

भीती दुसरीच आहे. बराच वेळ वीज गेली की गोश्त वितळतं आणि वीज आल्यावर पुन्हा गोठतं. मग तुकडे एकमेकांना घट्ट चिकटतात, पिशवीच्या तळाशी लालसर पाण्याचा बर्फ साचतो. ते किती तास वितळलेलं होतं हे कळत नाही, आणि वासावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून गावी जाताना फ्रीजरमध्ये वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परतल्यावर नाणं तळाशी बसलेलं दिसलं, तर ते गोश्त शिजवू नका.